निवेदन काढल्यावर: मूक व्हिडिओची संहिता नव्याने लिहिताना

निवेदनावर चालणाऱ्या व्हिडिओतून आवाज काढून घेतला की संहितेचा कणाच जातो. निवेदनाच्या संहितेत अर्थ आवाजात असतो आणि दृश्ये त्याला सोबत करतात. फक्त संगीत असलेल्या व्हिडिओत तोच अर्थ दृश्ये आणि पडद्यावरचा मजकूर यांना वाटून घ्यावा लागतो. म्हणून अशा व्हिडिओची संहिता म्हणजे जुन्या संहितेचे संक्षिप्त रूप नव्हे. ती पहिल्या ओळीपासून नव्याने लिहावी लागते. हे काम नेमके कसे होते, ते एका उदाहरणावरून पाहता येईल.

उदाहरण आरोग्यशिक्षणातले आहे. बाळाला जुलाब झाल्यावर ओआरएसचे पाणी कसे तयार करायचे आणि कसे पाजायचे, हे सांगणारा एक व्हिडिओ प्राथमिक आरोग्य केंद्राच्या बाह्यरुग्ण विभागातल्या पडद्यावर दाखवायचा आहे. तिथे गर्दी असते, मुले रडत असतात, नावे पुकारली जात असतात. निवेदन कानापर्यंत पोहोचत नाही, आणि कर्मचारी बहुतेक वेळा टीव्हीचा आवाज बंदच ठेवतात. हाच व्हिडिओ पुढे व्हॉट्सॲपवरही जाणार आहे. तिथेही तो एसटीत किंवा कामाच्या ठिकाणी, आवाज न लावता पाहिला जाण्याची शक्यता मोठी. मूळ निवेदन असे आहे, असे समजू:

“बाळाला जुलाब लागले की त्याच्या शरीरातले पाणी आणि क्षार झपाट्याने कमी होतात, आणि खरा धोका असतो तो याच गोष्टीचा. म्हणून जुलाब सुरू होताच ओआरएस द्यायला सुरुवात करा. साबणाने हात धुवा. एक लिटर पिण्याचे स्वच्छ पाणी घ्या आणि त्यात ओआरएसचे पूर्ण पाकीट टाका. अर्धे पाकीट वापरू नका. पावडर पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा आणि बाळाला चमच्याने थोडे थोडे पाजत राहा. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबा आणि मग पुन्हा हळूहळू पाजा. तयार केलेले पाणी चोवीस तासांच्या आत वापरा, उरलेले फेकून द्या. अंगावरचे दूध बंद करू नका. बाळ सुस्त झाले, त्याचे डोळे खोल गेले किंवा शौचातून रक्त पडले, तर वेळ न घालवता दवाखान्यात न्या.”

हे शंभराच्या आसपास शब्द आहेत. संथ वाचनात, मध्ये श्वास घेत, मिनिटभर लागेल. संहिता म्हणून यात काही वावगे नाही. निवेदकाच्या आवाजात ती चांगली चालेल.

आवाज काढायचा म्हटले की पहिला मोह होतो तो ही सगळी वाक्ये जशीच्या तशी पडद्यावर उमटवण्याचा. तसे केले की व्हिडिओ हा हलणाऱ्या चित्रांवर छापलेला कागद होतो. कान आणि डोळा एकाच वेळी काम करू शकतात. निवेदन ऐकता ऐकता पाकीट फोडणारे हात पाहता येतात. पण वाचणे आणि पाहणे ही दोन्ही कामे एकट्या डोळ्याची असतात. ओळ वाचत असलेल्या माणसाला त्याच क्षणी मागे चाललेली कृती दिसत नाही, आणि कृतीकडे पाहणाऱ्याची ओळ सुटते. पुढची जवळजवळ सगळी गणिते या एका अडचणीतून निघतात.

म्हणून काम सुरू होते ते निवेदनाच्या प्रत्येक वाक्याला एक प्रश्न विचारून: यातले किती चित्र एकटे सांगू शकते? “साबणाने हात धुवा” हे चित्र पूर्णपणे सांगते. नळाखाली साबणाचा फेस आलेले हात दिसले की त्यावर शब्द नको. “पावडर पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा” हेही चित्राचे काम आहे. पातेल्यातले गढूळ पाणी चमच्याबरोबर फिरत हळूहळू निवळते, हा बदल डोळ्याला कळतो. उलट “चोवीस तासांच्या आत” हे चित्राला सांगता येत नाही. घड्याळाचा काटा दोन फेरे घेताना दाखवला तर पाहणाऱ्याला फार तर बराच वेळ गेला एवढेच कळेल.

चित्राला न जमणाऱ्या गोष्टी तशा मोजक्याच आहेत: नेमकी संख्या, नेमका काळ, नकार, अट आणि कारण. “दहा मिनिटे”, “वापरू नका”, “झाली तर”, “म्हणून” या सगळ्या शब्दांच्या हद्दीतल्या गोष्टी. मजकुराच्या पाट्या याच कामांसाठी राखून ठेवाव्या लागतात. कृती, क्रम, वस्तूचे रूप, माणसाची अवस्था आणि तुलना ही कामे चित्रावर सोपवता येतात. चांगल्या मूक संहितेत पाटी आणि चित्र एकच गोष्ट क्वचितच सांगतात. हात धुण्याच्या दृश्यावर “हात धुवा” अशी ओळ टाकली की वाचणारा माणूस फेस पाहणे सोडून अक्षरांकडे वळतो आणि त्याच्या हाती नवीन काहीच लागत नाही.

मूकपटांच्या काळात हा प्रश्न बराच घासूनपुसून झाला आहे. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 1913 साली मुंबईत लागला, तेव्हा कथा पुढे नेण्यासाठी दृश्यांच्या मध्ये एकाहून अधिक भाषांतल्या पाट्या येत असत. पुढे पाट्या कमी करत नेण्याची चढाओढच लागली. जर्मन दिग्दर्शक मुर्नाऊ यांच्या 1924 च्या ‘डेर लेट्झ्टे मान’ या चित्रपटात दृश्यांच्या मध्ये येणारी स्पष्टीकरणाची पाटी एकच आहे. तरीही त्यात अक्षरे आहेत. महत्त्वाची माहिती पात्राच्या हातातल्या पत्रातून आणि वर्तमानपत्रातून कळते. पडद्यावरचे मजकुराचे तीन प्रकार त्यावरून वेगळे करता येतात. पहिला, पूर्ण पडदा व्यापणारी पाटी: ती असताना चित्र थांबते. दुसरा, चालू दृश्यावर येणारी ओळ, जिला व्यवसायात ‘सुपर’ म्हणतात. तिसरा, दृश्यातच असलेले लेखन: बाटलीवरचे लेबल, दारावरची पाटी, कॅलेंडर. हा तिसरा प्रकार सगळ्यात कमी वापरला जातो आणि सगळ्यात उपयोगी पडतो, कारण तिथे पाहणे आणि वाचणे एकाच जागी घडते.

ओआरएसच्या उदाहरणात त्याचा उपयोग लगेच दिसतो. “एक लिटर” ही संख्या आहे, म्हणजे शब्दांचे काम. पण ती वेगळ्या पाटीवर लिहिण्याआधी घरात एक लिटर मोजायचे कशाने, हा प्रश्न येतो. पेल्यांचे आकार घरोघर वेगळे असतात. पाण्याची एक लिटरची बाटली मात्र जवळपास सगळीकडे मिळते आणि तिच्या लेबलवर माप छापलेले असते. संहिता लिहिताना इथे मूळ निवेदनातली एक उणीवही उघडी पडते. सरकारी केंद्रात मिळणारे पाकीट बहुधा एक लिटरचे असते, पण औषधाच्या दुकानात 200 मिलिलिटर पाण्यासाठीचे छोटे पाकीटही मिळते. “पूर्ण पाकीट, एक लिटर” एवढेच ऐकून कोणी छोटे पाकीट मोठ्या बाटलीभर पाण्यात टाकले तर द्रावण फार पातळ होईल. त्यावर उपाय एका शॉटमध्ये आहे. पाकिटाची मागची बाजू आणि बाटलीचे लेबल एकाच चौकटीत जवळून दिसतात, आणि दोन्हींवर “1 लिटर” वाचता येते. बोट आधी पाकिटावरच्या आकड्यावर, मग बाटलीवरच्या आकड्यावर टेकते. निवेदनात यासाठी दोन लांब वाक्ये लागली असती.

नकाराची गोष्ट याहून नाजूक आहे. “अर्धे पाकीट वापरू नका” हे दाखवायला अर्धे पाकीट ओतणारा हात आणि त्यावर लाल फुली, ही कल्पना पटकन सुचते आणि पुष्कळदा चित्रितही होते. बाह्यरुग्ण विभागातला पडदा दिवसभर तोच व्हिडिओ फिरवत असतो. बाळ सांभाळत बसलेली आई त्याकडे अधूनमधून दृष्टी टाकते. तिने नेमकी हात दिसण्याची वेळ पकडली आणि फुली उमटायच्या आत बाळाकडे वळली, तर ती अर्धे पाकीट ओतायचे असते असे शिकून जाते. चुकीची कृती जेवढी स्पष्ट दाखवावी तेवढी ती शिकवली जाते. म्हणून औषध, वीज, यंत्र अशा विषयांत बरोबर कृतीच दाखवावी, आणि नकाराचा भार त्या कृतीच्या टोकावर टाकावा. पाकीट कात्रीने पूर्ण उघडले जाते, उलटे केले जाते, बोटाने टिचकी मारून शेवटची पावडरही झाडली जाते, आणि रिकामे पाकीट पातेल्याशेजारी ठेवले जाते. हात चौकटीबाहेर गेल्यावर, रिकामे पाकीट स्थिर पडलेले असताना, त्याच्या बाजूला दोन शब्द येतात: “पूर्ण पाकीट”. आधी कृती, मग शब्द. अर्ध्या पाकिटाचा उल्लेखच नाही आणि त्याची गरजही उरत नाही.

या फिरत राहणाऱ्या पडद्यामुळे आणखी एक बंधन येते. पाहणारा व्हिडिओच्या सुरुवातीला भेटेल याची खात्री नसते. निवेदनात “ते पाणी”, “त्यानंतर”, “अशा वेळी” हे शब्द सहज चालतात, कारण ऐकणाऱ्याने मागचे ऐकलेले असते. पाटीवर ते लंगडे पडतात. “ते 24 तासांत संपवा” ही ओळ पहिल्यांदा पाहणाऱ्याला काहीच सांगत नाही. प्रत्येक पाटी एकटी वाचली तरी अर्थ लागला पाहिजे, नाहीतर सर्वनामाने ज्याचा उल्लेख केला ती वस्तू त्याच चौकटीत डोळ्यासमोर असली पाहिजे. पाणी भरलेले पातेले दिसत असेल तर “उरलेलं फेकून द्या” एवढे पुरते.

चोवीस तासांसाठी पातेल्यावर कागदाची चिकटपट्टी लावलेली दाखवता येते. तिच्यावर पेनाने लिहिले जाते: “सोमवार, सकाळी 8”. खिडकीतला उजेड मावळतो, दिवा लागतो, पुन्हा सकाळ होते. मागच्या कॅलेंडरवर मंगळवार, घड्याळात आठ. पातेले मोरीत रिकामे होते. त्यावर ओळ येते: “24 तासांनी उरलेलं फेकून द्या”. चित्राने काळ गेल्याचे दाखवले, आकड्याने तो किती ते सांगितले. शिवाय पट्टीवर वेळ लिहून ठेवण्याची एक चांगली सवय न बोलता दिली गेली.

आता वेळेचा हिशोब. निवेदनाची संहिता शब्द मोजून सेकंदात बदलता येते. मूक संहितेत पाटी किती वेळ टिकवायची हे वाचणाऱ्याच्या गतीवर ठरते, आणि वाचणारे सारखे नसतात. सर्वसाधारण प्रेक्षकांसाठी कामचलाऊ अंदाज असा धरतात: सेकंदाला दोन मराठी शब्द, आणि नजर अक्षरांवर स्थिरावायला आणखी एक सेकंद. म्हणजे सात शब्दांच्या पाटीला साडेचार सेकंद. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात, त्यामुळे “विरघळवण्यासाठी” हा हिशोबात एक शब्द असला तरी वाचायला दोन शब्दांएवढा वेळ घेतो. अशा ठिकाणी अंदाज सोडून पाटी मोठ्याने, सावकाश वाचावी आणि घड्याळ लावून पाहावे. लिहिणाऱ्याने मनात वाचून वेळ ठरवणे धोक्याचे असते. त्याला मजकूर पाठ असतो, त्यामुळे तो वाचत नाही, ओळखतो.

इथे संगीत कामाला येते. संगीतावर चालणाऱ्या व्हिडिओत दृश्य कुठे बदलावे आणि पाटी कुठे यावी हे तालाने ठरवले की पाहणाऱ्याला एक अपेक्षा मिळते. पुढची गोष्ट कधी येणार हे त्याला नकळत कळू लागते. या उदाहरणासाठी केरव्याचा ठेका घेऊ. आठ मात्रांचे आवर्तन आहे. मिनिटाला 96 मात्रा अशी लय ठेवली तर एक मात्रा 0.625 सेकंदाची आणि एक आवर्तन बरोबर पाच सेकंदांचे होते. सात शब्दांची पाटी एका आवर्तनात बसते, हात धुण्याचे दृश्य एका आवर्तनात बसते, आणि संहिता सेकंदांऐवजी आवर्तनांत लिहिता येते. चित्र समेवर बदलायचे. दृश्यावर ओळ असेल तर ती चित्राबरोबर न आणता पाव सेकंद मागून आणायची, म्हणजे 25 फ्रेमच्या व्हिडिओत सहाएक फ्रेम उशिरा. तेवढ्यात डोळा नवे चित्र ओळखतो आणि मग वाचायला मोकळा होतो. हे जमायचे तर संगीत आधी लागते, निदान त्याच लयीतला तात्पुरता ठेका तरी. संकलन झाल्यावर मागाहून संगीत चिकटवले की समा आणि कट एकमेकांना चुकवत राहतात. वादकाकडून ध्वनिमुद्रण करून घेताना क्लिक ऐकवत वाजवून घ्यावे, नाहीतर शेवटापर्यंत लय थोडी चढते आणि पाच सेकंदांचे आवर्तन पाच सेकंदांचे राहत नाही.

संगीत निवडताना गाजलेल्या गाण्याची चाल टाळणे बरे. चालीबरोबर तिचे शब्द मनात वाजू लागतात आणि पडद्यावरच्या शब्दांशी त्यांची गर्दी होते. शिवाय परवानगीचा प्रश्न असतोच. त्याच कारणाने शब्द असलेले कोणतेही गायन नको. आणि एक मर्यादा कायम ध्यानात ठेवायला हवी: हा पडदा बहुधा पूर्ण निःशब्द असणार आहे. संगीत भाव आणि गती देईल, पण एखादी माहिती फक्त संगीतातच असेल तर ती हरवेल. धोक्याच्या लक्षणांपाशी ठेका थांबवून नुसता तानपुरा ठेवला तर परिणाम होतो. मात्र ऐकू न येणाऱ्यासाठी तिथे पार्श्वभूमीचा रंगही बदललेला असला पाहिजे.

आता मांडणी. पहिले आवर्तन पाटीविना: अंगणातल्या दोरीवर बाळाचे एक दुपटे वाळत आहे, मग तीन, मग सहा. जुलाब वारंवार होत आहेत हे यातून कळते, आणि शौच दाखवावे लागत नाही. दुसऱ्या आवर्तनात पूर्ण पडद्याची पाटी: “जुलाबात शरीरातलं पाणी आणि क्षार कमी होतात”. हे कारण आहे, दिसणारी गोष्ट नाही, म्हणून इथे चित्र थांबवणे योग्य. मूळ निवेदनातला “खरा धोका असतो तो याच गोष्टीचा” हा भाग गळतो. तो आवाजातल्या जोरासाठी होता, आणि तो जोर आता पाटीला मिळालेल्या पूर्ण पडद्यात आला आहे. तिसऱ्यात हातात ओआरएसचे पाकीट आणि “लगेच ओआरएस सुरू करा”. “म्हणून” हा शब्दही गेला. कारणाच्या पाटीनंतर लगेच पाकीट आले की ती जोडणी पाहणारा स्वतः करतो. दोन चित्रे शेजारी ठेवली की प्रेक्षक त्यांच्यात संबंध लावतो, हे रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांनी शंभर वर्षांपूर्वी प्रयोगाने दाखवले होते. मूक संहितेतली पुष्कळशी उभयान्वयी अव्यये अशी कटमध्ये विरघळवता येतात.

चौथे आवर्तन हात धुण्याचे, मजकुराविना. पाचव्यात पाकीट आणि बाटली यांच्यावरचे “1 लिटर”, आणि “पिण्याचं स्वच्छ पाणी, 1 लिटर” ही ओळ. सहाव्यात पाकीट रिकामे होणे, सातव्यात ढवळणे, आठव्यात चमचा बाळाच्या ओठांशी आणि “चमच्याने, थोडं थोडं”. नववे आवर्तन पुन्हा पूर्ण पाटीचे: “उलटी झाली? 10 मिनिटं थांबा. मग पुन्हा पाजा.” इथे “तर” हा अटीचा शब्द प्रश्नचिन्हाने उचलला आहे. पाटीवर अट लिहायची ही सोपी रीत आहे, कारण पाहणारा आधी प्रश्नाशी स्वतःला ताडून पाहतो आणि मग उत्तर वाचतो. दहावे चोवीस तासांचे. अकराव्यात पदराआड बाळाला पाजणारी आई आणि “अंगावरचं दूध चालूच ठेवा”. मूळचे “बंद करू नका” इथे होकारात फिरवले आहे. नकारातला “नका” ओळीच्या शेवटी येतो. घाईत वाचणाऱ्याने तेवढा एक शब्द सोडला की सल्ला उलटा होतो.

शेवटचा भाग सगळ्यात अवघड आहे. मूळ निवेदनात धोक्याची तीन लक्षणे एका वाक्यात आहेत आणि त्यांना जोडणारा “किंवा” हा सगळ्यात मोलाचा शब्द आहे. चित्रांच्या ओळीत तो नाहीसा होतो. एकच बाळ आधी सुस्त, मग डोळे खोल गेलेले, मग दुपट्यावर रक्त असे दाखवले, तर ती एका बाळाची चढत गेलेली अवस्था वाटते. पाहणारी आई तिन्ही लक्षणे दिसेपर्यंत थांबू शकते. त्यावर उपाय असा की तीन लक्षणे तीन वेगवेगळ्या बाळांची, तीन वेगवेगळ्या घरांतली दाखवायची. ही दृश्ये रेखाचित्रांत करणे चांगले. खोल गेलेले डोळे निरोगी बाळावर दाखवता येत नाहीत आणि आजारी बाळाचे चित्रीकरण करणे योग्य नाही. चित्र डावीकडे, ओळ उजवीकडे: “बाळ सुस्त झालं”. पुढच्या आवर्तनात चित्र बदलते, पण पहिली ओळ तशीच राहते आणि तिच्याखाली “डोळे खोल गेले” येते. मग “शौचातून रक्त पडलं”. शेवटच्या आवर्तनात तिन्ही ओळी पडद्यावर असतानाच खाली मोठ्या अक्षरांत: “यातलं काहीही दिसलं, तर ताबडतोब दवाखान्यात”. तिन्ही ओळी टिकून राहिल्यामुळे “यातलं” या शब्दाला आधार आहे, आणि नेमका शेवट पाहणाऱ्यालाही पूर्ण निरोप मिळतो.

एकूण पंधरा आवर्तने झाली, म्हणजे 75 सेकंद. शब्द पन्नासच्या आसपास, मूळच्या निम्मे. शब्द निम्मे झाले तरी वेळ पावपट वाढला. आवाज काढल्यावर व्हिडिओ आपोआप आटोपशीर होतो हा समज त्यामुळे टिकत नाही. ठरलेल्या मिनिटातच बसवायचे असेल तर सगळे जलद करण्यापेक्षा एखादा मुद्दा गाळावा. पाट्यांचा वेळ कापला की सगळेच मुद्दे अर्धवट वाचले जातात.

देवनागरी अक्षरांच्या काही अडचणी संहितेच्या टप्प्यावरच ध्यानात घ्याव्या लागतात. एकेक अक्षर उमटत जाणारा टंकयंत्राचा परिणाम रोमन लिपीत ठीक दिसतो. देवनागरीत तो वाचनाची दाणादाण उडवतो. “स्थिती” हा शब्द असा उमटू लागला की आधी पूर्ण स, मग स्, मग स्थ दिसतो आणि शेवटी ऱ्हस्व वेलांटी येताच अक्षरे उजवीकडे सरकतात. वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर शब्द चार वेळा बदलतो. म्हणून शब्द किंवा पूर्ण ओळ एकदम आणावी. अक्षरांमधले अंतर वाढवले की शिरोरेषा तुटते. वर रफार-मात्रा आणि खाली उकार यांच्यामुळे दोन ओळींत रोमनपेक्षा जास्त जागा लागते. फॉन्ट निवडताना मराठी वळणाचे ल आणि श आहेत का, आणि “वाऱ्या”, “कुऱ्हाड” यांतला अर्धा र नीट जोडला जातो का, हे संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्यक्ष टाइप करून पाहावे. फॉन्ट चांगला असला तरी सॉफ्टवेअरची भारतीय लिप्यांची सेटिंग बंद असेल तर जोडाक्षरे फुटतात आणि वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते. मराठी न वाचणाऱ्या संकलकाला ते दिसत नाही, म्हणून अंतिम फाइल मराठी वाचणाऱ्याने फ्रेम थांबवून तपासायची असते.

ओळ कुठे तोडायची हेही अर्थावर ठरते. “24 तासांनी उरलेलं फेकून” अशी पहिली ओळ आणि खाली एकटे “द्या” राहिले की वाचन अडखळते. “24 तासांनी” वर आणि “उरलेलं फेकून द्या” खाली, असे दोन श्वास पडले पाहिजेत. उभ्या फोनच्या चौकटीत, म्हणजे 1080 बाय 1920 मध्ये, एका ओळीत तीनचार शब्दच मावतात, आणि चौकटीचा खालचा भाग ॲपच्या बटणांखाली जातो. भिंतीवरच्या आडव्या पडद्यासाठी आणि फोनसाठी पाट्यांची मांडणी वेगळी करावी लागते. आडवा व्हिडिओ नुसता कापून उभा केला की बाजूला लिहिलेली ओळ पहिल्यांदा तुटते.

पाट्यांची संहिता कागदावर कितीही पटली तरी तिची परीक्षा माणसांपुढे होते. आधी सगळा मजकूर झाकून फक्त दृश्ये दाखवावीत आणि काय चालले आहे ते विचारावे. पाहणाऱ्याला कृतींचा क्रम सांगता आला पाहिजे. मग दृश्यांविना नुसत्या पाट्या वाचायला द्याव्यात. त्यांत आकडे आणि अटी सगळ्या सापडल्या पाहिजेत. शेवटी पूर्ण व्हिडिओ, आवाज बंद करून, ज्यांनी तो विषय आधी ऐकलेला नाही अशांना दाखवावा. “समजलं का?” या प्रश्नाला “हो” हेच उत्तर येते, त्यामुळे तो विचारण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा समोर पाकीट, बाटली, पातेले ठेवून द्रावण करायला सांगावे. कोणी पाकीट अर्धे राखून ठेवले, कोणी पेल्याने पाणी मोजले, तर चूक कोणत्या आवर्तनात आहे ते लगेच सापडते. पाहताना त्यांच्या ओठांकडेही लक्ष ठेवावे. पाटी गेल्यावरही ओठ हलत असतील तर ती लवकर काढली गेली.

काही प्रेक्षक या रचनेबाहेर राहतात. वाचता न येणाऱ्या आईपर्यंत कृती पोहोचेल, पण दहा मिनिटे आणि चोवीस तास पोहोचणार नाहीत. आकड्यांसाठी तिला आशाताई किंवा परिचारिका लागेल. अंध व्यक्तीला तर फक्त संगीत मिळेल. म्हणून फोनवर पाठवताना व्हिडिओखाली सगळा मजकूर टाइप करून जोडावा, म्हणजे स्क्रीन रीडर तो वाचू शकेल, आणि निवेदनाची मूळ आवृत्तीही जपून ठेवावी.

संहिता अंतिम झाली की ती चार रकान्यांत उतरवतात: आवर्तन, दृश्य, मजकूर, संगीत. याच वेळी मजकूर नसलेली फाइल वेगळी काढून ठेवणे फायद्याचे असते. तीच दृश्ये कोकणीत, हिंदीत किंवा सीमाभागात कन्नडमध्ये वापरायची झाल्यास फक्त मजकुराचा रकाना बदलतो. भाषा बदलली की ओळीची लांबी बदलते, म्हणून सुपरसाठी चौकटीत दीडपट जागा मोकळी सोडलेली असावी आणि कोणत्याही पाटीने आवर्तन काठोकाठ भरलेले नसावे. दृश्यातले लेखन मात्र बदलता येत नाही. बाटलीवरचा आणि पाकिटावरचा 1 सगळीकडे चालेल. चिकटपट्टीवरच्या “सोमवार, सकाळी 8” साठी प्रत्येक भाषेत तो एक शॉट वेगळा घ्यावा लागेल, आणि ते चित्रीकरणाच्या दिवशीच, पातेले आणि कॅमेरा जागचे न हलवता, उरकून घेतलेले बरे.